प्रतिवादीतर्फे

पाणीपुरवठा खात्यातले हेडक्लार्क बायकोशी झालेल्या भांडणाचा निकाल नाटक लिहून लावायला निघाले, हे ऐकून कुणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. हेडक्लार्कांना स्वतःला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. शिवाय भांडण झालं होतं असं म्हणणंसुद्धा तितकंसं खरं नाही. भांडण झालं नव्हतं, हीच तर त्यांची तक्रार होती.

प्रकार साधा होता. त्यांची बायको लग्नाआधी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, कारण खुर्चीमागच्या पाटीवर तसं आधीच रंगवलेलं होतं. त्या नोकरीतलं एक नकाशे काढायचं टेबल तिने स्वतःच्या पगारातून विकत घेतलं होतं आणि सासरी येताना बरोबर आणलं होतं. भलंमोठं, लाकडी, फळी तिरकी करता येणारं, वर सरकती पट्टी असलेलं. ते मागच्या लहान खोलीत खिडकीशी असायचं. सुरुवातीला त्यावर नकाशे असत, मग मुलीच्या शाळेची चित्रं, मग इस्त्रीचे कपडे. शेवटची कित्येक वर्षं फक्त इस्त्रीचे कपडे.

एका शनिवारी बायको तिच्या ताईकडे गेली होती, तेव्हा हेडक्लार्कांनी ते टेबल एका शाळेला देऊन टाकलं. फुकट दिलं, हे ते प्रत्येकाला आवर्जून सांगत. रिकाम्या जागी त्यांनी स्वतःसाठी लिहायचं टेबल आणून ठेवलं. संध्याकाळी बायको आली. खोलीच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "टेबल कुठे गेलं?"

"शाळेला दिलं. टेम्पो नेमका आजच मिळाला, म्हणून मग."

"बरं," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

झालं. एवढंच. हेडक्लार्कांनी दिवसभर जय्यत तयारी केली होती. टेबल वापरात नव्हतं, जागा अडत होती, शाळेतल्या मुलांना उपयोग होईल, असे एकाहून एक सरस मुद्दे त्यांच्याकडे होते, आणि त्यातला एकही खर्ची पडला नाही. त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी फार नीट वागायला लागली. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, छत्री घ्या. पूर्वी ती त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करायची, त्यांच्या घोरण्यावरून चिडवायची, ते सगळं बंद झालं. हेडक्लार्कांना चिडवलेलं कधीच आवडत नसे, पण आता घरात ते ऐकायला मिळेना आणि त्यांना करमेना. तिने एकदा मान्य करावं की तुमचं बरोबर होतं, किंवा निदान कडाकडा भांडावं, आणि घर पूर्वीसारखं व्हावं, एवढीच त्यांची मागणी होती. ताईशी मात्र ती फोनवर तासन् तास बोलायची, आणि तेही दार लोटून. आपली यथेच्छ निंदा चालली असणार, हे ओळखायला हेडक्लार्कांना दाराला कान लावायची गरज वाटली नाही.

अशात खात्याच्या आंतरशाखा नाट्यस्पर्धेची सूचना फलकावर लागली, आणि हेडक्लार्कांच्या मनात ते नाटक उभं राहिलं. बायकोने नवऱ्यावर दावा लावलाय. भर कोर्टात वकील नवऱ्याची बाजू मांडतोय. सभागृह टाळ्या वाजवतंय. तिसऱ्या रांगेत आपली बायको डोळ्याला पदर लावून बसलीय आणि घरी जाताना म्हणतेय, "मी तुम्हाला ओळखलंच नाही हो." सावधगिरी म्हणून त्यांनी टेबलाचा हातमाग केला आणि हेडक्लार्कचा प्राध्यापक. आता कुणाचा बापही ओळखणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

लिहून झालेला पहिला खर्डा त्यांनी दिग्दर्शकाला वाचून दाखवला. दिग्दर्शक म्हणजे खात्याचे स्टोअरकीपर. आयुष्यभर पाइपांचे तुकडे मोजल्यामुळे असेल, पण त्यांना कुठलीही गोष्ट पुरेशी वाटत नसे. त्या खर्ड्यात बायकोचा वकील उठून म्हणायचा, "माझ्या अशिलाला राग आला आहे," आणि बसायचा. मग नवऱ्याचा वकील अकरा पानं बोलायचा.

"हा खटला आहे की सत्कार?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हार आणि नारळ तेवढे राहिलेत. अहो, असं लिहिलं तर कुणी बसेल का खुर्चीवर? पहिला वकील बोलला की वाटलं पाहिजे, हिचंच खरं. दुसरा उठला की वाटलं पाहिजे, अरे, याचंच खरं. लोक घरी जाताना रस्त्यात भांडले पाहिजेत."

"पण तिच्या बाजूला मुद्देच नाहीत त्याला मी काय करू?"

"नसतील तर तयार करा. पगार कशाचा घेता?" पगाराचा आणि नाटकाचा काही संबंध नव्हता, पण हेडक्लार्कांना ते त्या वेळी सुचलं नाही. ते वही काखेत मारून घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरात ते कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

आता मुद्दे तयार करायचे म्हणजे कायदा हवा. तळमजल्यावर वकीलकाका राहत. दिवाणी कोर्टात हयात घालवून आता निवृत्त झालेले, पोटाच्या तक्रारीमुळे कायम अर्धवट झोपलेल्या मांजरासारखे आरामखुर्चीत पडलेले. त्यांनी खर्डा हातात घेतला आणि लाल पेन्सिलीने पहिलाच शब्द खोडला.

"न्यायाधीश हातोडा आपटतात? कशाला, खुर्ची दुरुस्तीला आलीय का? आणि हा तुमचा वकील साक्षीदाराच्या नाकासमोर बोट नाचवत ओरडतोय. याला पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढतील. कोर्टात जो ओरडतो त्याच्याकडे काही नसतं."

"पण नाट्य यायला हवं ना, काका."

"नाट्य येतं मुद्द्यातून. आधी वाद काय आहे ते ठरवा. वस्तू कुणाची?"

"बायकोची."

"दोघांना मान्य?"

"मान्य."

"न विचारता दिली, हे?"

"तेही मान्य," हेडक्लार्क जरा नाखुशीने म्हणाले.

"मग त्यावर एक ओळ खर्च करायची नाही. मान्य गोष्टीवर वकील बोलत नाही. राहिलं काय? तिने आपल्या वागण्यातून ती वस्तू सोडून दिली होती का, म्हणजे न बोलता संमती दिली होती का? आणि नवऱ्याला तसं प्रामाणिकपणे वाटलं होतं का? हा तुमचा मुद्दा. आता तो सिद्ध कुणी करायचा? 'संमती होती' असं जो म्हणतो त्याने. म्हणजे ओझं तुमच्या डोक्यावर."

"माझ्या नाही, प्राध्यापकाच्या."

"प्राध्यापकाच्या," वकीलकाकांनी डोळे न उघडता दुरुस्ती केली.

मग रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारतात तो सरतपास. त्यात उत्तर सुचवायचं नाही. 'हातमाग तुमचा फार जीव की प्राण होता ना?' असं विचारलं की समोरचा वकील हरकत घेणार आणि ती मान्य होणार. 'हातमागाबद्दल सांगा' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. दुसऱ्याच्या साक्षीदाराला विचारतात ती उलटतपासणी. तिथे उलट, उत्तर सुचवलं तरी चालतं. प्रश्न छोटा. एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तर एक-दोन शब्दांत. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही.

"आणि 'का' तर कधीच विचारायचं नाही," वकीलकाका म्हणाले. "का विचारलं की साक्षीदाराला बोलायची संधी मिळते. आपण फक्त गोष्टी एकेक करून समोर मांडायच्या आणि खाली बसायचं. का, ते न्यायाधीशाचं न्यायाधीश बघून घेतो."

"आणि आपली बाजू लंगडी असेल तिथे?"

"ती आपणच आधी सांगायची. समोरच्याने सांगितली तर ती चोरी ठरते, आपण सांगितली तर प्रामाणिकपणा. आणि एक लक्षात ठेवा. दोन्ही वकिलांकडे पुरावा तोच असतो. वेगळा पुरावा आणून भांडतात ते नळावर. कोर्टात एकाच पुराव्याचे दोन अर्थ भांडतात."

हेडक्लार्कांनी सगळं टिपून घेतलं आणि नव्या टेबलाशी बसून प्रवेश मुळापासून लिहायला घेतला. आणि सांगायला हरकत नाही, त्यांना ते जमायला लागलं. पाण्याच्या तक्रारींना बत्तीस वर्षं उत्तरं देणाऱ्या माणसाला कुठलीही बाजू मांडता येते. हातमागावर इस्त्रीचे कपडे पडलेले असत, हे त्यांनी दोघांच्या हातात दिलं. नवऱ्याचा वकील बायकोला विचारायचा, "त्यावर कपडे कोण ठेवायचं?" "मीच." "ते हलवून विणायला बसलात, असं गेल्या पाच वर्षांत एकदा तरी झालं?" "नाही." "हातमागाला जागा नाही असं नवरा म्हणाला, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?" "काही नाही." खाली बसायचा. बायकोची आता बाई झालेली वकील फेरतपासासाठी, म्हणजे आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारायला, उठायची. "घरात कपड्यांना दुसरी जागा होती?" "नाही." "कपडे कुणाचे असायचे?" "सगळ्यांचे." तीही खाली बसायची. वाचून स्टोअरकीपर पहिल्यांदा म्हणाले, "आता पुरेसं वाटतंय." त्या दिवशी हेडक्लार्क बसस्टॉपवर दोन बस सोडून उभे राहिले, इतके ते खुशीत होते.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती. जिन्यात सेक्रेटरी भेटले. "टेबलाचं नाटक लिहिताय म्हणे."

"हातमागाचं."

"तेच ते. त्यात एक गाणं टाका, नाहीतर लोक झोपतील." समोरच्या काकूंनी दार अर्धं उघडून सांगितलं की बायकोच्या वकिलाने शेवटी रडावं. वकील रडत नाहीत हो, असं हेडक्लार्क म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मग रडणारा घ्यावा." दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी बायकोची व्यायामाची सायकल मागच्या वर्षी भंगारात घातली होती, ते हल्ली हेडक्लार्कांना पाहिलं की खांद्यावर हात ठेवायचे. सोसायटीत दोन तट पडले. ज्यांनी काही देऊन टाकलं होतं ते, आणि ज्यांचं काही दिलं गेलं होतं ते. हेडक्लार्कांच्या बायकोला कुणी विचारलं तर ती म्हणे, "मी वाचलं नाही. ते लिहितात चांगलं." यातून कुठलाच तट काही निष्कर्ष काढू शकला नाही.

मग खातं आडवं आलं. संहितेला मंजुरी लागते, म्हणून ती आस्थापना शाखेकडे गेली आणि शेरा घेऊन परत आली. 'प्रतिवादी हे शासकीय सेवक आहेत काय? असल्यास सदर हातमागाची विल्हेवाट लावण्यापूर्वी त्यांनी परवानगी घेतली होती काय?' हेडक्लार्कांनी उत्तर दिलं, प्रतिवादी खाजगी महाविद्यालयात प्राध्यापक आहेत. त्यावर नवा शेरा, 'तसे प्रमाणपत्र जोडावे.' काल्पनिक माणसाचं प्रमाणपत्र कुठून आणणार? शेवटी त्यांनी प्राध्यापकाला सेवानिवृत्त केलं, तेव्हा शाखा गप्प झाली. पण लगेच दुसरं लफडं निघालं. न्यायाधीशाचं काम एक शिपाई करत होता. आवाज भारदस्त, पाठांतर पक्कं. नवऱ्याच्या वकिलाचं काम करणारे अकाउंटंट म्हणाले, "तो आत आला की मी उठून उभं राहायचं? उद्या तो मला चहा देईल तेव्हा काय तोंड दाखवू?" शिपायाची भूमिका गेली आणि अधीक्षकांकडे आली. अधीक्षकांना 'पुढे चला' एवढंच पाठ व्हायचं. म्हणून न्यायाधीशाची सगळी वाक्यं काढून तेवढंच ठेवलं. वकीलकाका म्हणाले, चांगला न्यायाधीश साधारण तेवढंच बोलतो.

बायकोच्या वकिलाचं काम खात्यातल्या टेलिफोन ऑपरेटर बाई करत होत्या. बारीक, चष्मेवाल्या, लोकांचं दिवसभर ऐकून घेण्यात मुरलेल्या. स्पर्धेला आठवडा उरला असताना त्या हेडक्लार्कांना म्हणाल्या, "नवऱ्याची उलटतपासणी मी करते, पण शेवटी तो तसाच उभा राहतो. 'मला वाटलं तिची काही हरकत नाही' असं म्हणतो आणि ते खरं वाटतं. मला काहीतरी द्या ना."

"भरपूर दिलंय की. पाच पानं आहेत."

"पाच पानं आहेत, पण नेम नाही."

हेडक्लार्कांना ते लागलं. लेखकाला नेम नाही म्हणणं म्हणजे काय हे ज्याला लिहिता येतं त्यालाच कळेल. ते तडक वकीलकाकांकडे गेले.

"बरोबर बोलली बाई," काका म्हणाले. "तुमच्या माणसाचा सगळा बचाव एका वाक्यावर उभा आहे. मला वाटलं तिची हरकत नाही. ते वाक्य पाडायला मोठं काही लागत नाही. एखादी बारीकशी गोष्ट शोधा. माणूस जे मनातून मानतो ते त्याच्या वागण्यात दिसतं. नवऱ्याच्या वागण्यात असं काय होतं जे त्या वाक्याशी जुळत नाही?"

सुट्टीच्या दुपारी हेडक्लार्क टेबलाशी बसले. आतल्या खोलीत बायको पलंगावर चादर घालून इस्त्री करत होती, कारण इस्त्रीला आता तीच जागा होती. त्यांनी पेन उघडलं आणि फार विचार न करता लिहीत गेले.

"टेम्पोवाल्याशी कधी बोललात?"

"सोमवारी."

"तो केव्हा यायला तयार होता?"

"तो म्हणाला, आत्ता येतो."

"सोमवारी पत्नी घरी होत्या?"

"होत्या."

"मंगळवारी? बुधवारी? गुरुवारी? शुक्रवारी?"

"होत्या."

"टेम्पो कधी बोलावलात?"

"शनिवारी."

"शनिवारी पत्नी कुठे होत्या?"

"बहिणीकडे."

"त्या जाणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी."

"टेम्पोवाल्याशी बोलण्याच्या आदल्या दिवशी."

"हो."

"आणखी प्रश्न नाहीत."

लिहून झाल्यावर हेडक्लार्क थांबले. ते सगळं खरं होतं. टेम्पोवाला सोमवारी खरोखरच 'आत्ता येतो' म्हणाला होता आणि त्यांनीच त्याला 'शनिवारी ये, अकरानंतर' असं सांगितलं होतं. हे खोडावं, असं त्यांना वाटलं. पण एकही 'का' न विचारता माणूस कसा चारी बाजूंनी बांधला गेला, हे त्यांनी पुन्हा वाचलं, आणि त्यांना स्वतःच्या हाताचं इतकं कौतुक वाटलं की खोडायची इच्छाच मावळली. शिवाय हातमाग आहे हा, त्यांनी स्वतःला समजावलं. नाटक आहे. एवढ्या चांगल्या जागेला कोण हात लावतं?

अर्थात आता नवऱ्याची बाजू पार झोपली, ती उठवणं भाग होतं. त्यांनी अकाउंटंटना फेरतपास दिला. तिथे 'का' विचारता येतं, आपलाच साक्षीदार असतो. "शनिवार का निवडलात?" नवरा सांगतो, "तो घरातून जाताना तिने पाहू नये म्हणून. तिला त्रास झाला असता." आणि मग युक्तिवादात त्याच एका उत्तरावर दोन्ही वकील तुटून पडतात. अकाउंटंट म्हणतात, 'महोदय, ज्याला बायकोच्या त्रासाची एवढी काळजी, त्याला दुष्ट कसं म्हणायचं? घरोघर वापरात नसलेल्या वस्तू निघतात. त्या प्रत्येक वेळी लेखी संमती घ्यायची तर संसार चालायचा कसा? पाच वर्षांचं मौन ज्याने संमती मानलं, त्याने जगातल्या कुठल्याही माणसाने केलं असतं तेच केलं.' आणि मग ऑपरेटर बाई उठतात. 'महोदय, माझी अशील विणत नव्हती. कपडे तिनेच टाकले. ती काही बोलली नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण प्रतिवादींना ठाऊक होतं की तिला त्रास होईल. ज्याची हरकत नाही त्याला त्रास कशाचा होईल? ज्याची संमती आहे असं वाटतं, त्याच्या घराबाहेर जाण्याची कुणी वाट बघत नाही.'

हे वाक्य लिहून हेडक्लार्क उठले आणि आत जाऊन म्हणाले, "जरा चहा टाकतेस का?" बायकोने इस्त्री बाजूला ठेवली आणि चहा टाकला.

निकाल त्यांनी दिलाच नाही. न्यायाधीशाच्या तोंडी शेवटी 'निकाल राखून ठेवण्यात येत आहे' घातलं आणि अधीक्षकांनी ते पाठ करायला चार तालमी घेतल्या.

स्पर्धा दुपारची होती. झगे वेळेवर आले नाहीत म्हणून पदवीदानाचे झगे आणले होते, त्यांना लाल पट्ट्या होत्या, त्या टाचण्या लावून आत दुमडल्या. अकाउंटंट बोलताना एक टाचणी निघाली आणि पट्टी बाहेर लोंबायला लागली. पण ते इतके रंगात आले होते की कुणी हसलं नाही. 'गेल्या पाच वर्षांत एकदा तरी झालं?' या प्रश्नावर टाळ्या पडल्या, बहुतेक पुरुषांच्या. विंगेतून हेडक्लार्कांनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. बायको हात मांडीवर ठेवून बसली होती. मग ऑपरेटर बाईंची उलटतपासणी आली. सोमवार, मंगळवार, बुधवार. सभागृहात खोकणारे लोक खोकायचे थांबले. 'रविवारी' या उत्तरावर कुणीतरी बाई हळूच 'अगं बाई' म्हणाली आणि 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणून ऑपरेटर बाई बसल्या तेव्हा टाळ्या थांबेचनात. हेडक्लार्कांनी विंगेत डोळे पुसले. तिसऱ्या रांगेकडे बघायचं त्यांना त्या आनंदात सुचलं नाही.

नाटक दुसरं आलं, पण लेखनाचं पहिलं पारितोषिक हेडक्लार्कांना मिळालं. परीक्षक म्हणाले, लेखकाने दोन्ही बाजूंना सारखा न्याय दिला, लेखक स्वतः कुणाच्या बाजूला आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. लोक खरोखरच दारात भांडत उभे होते. डॉक्टरांची बायको डॉक्टरांशी बोलत नव्हती. वकीलकाका पोटावर हात धरून म्हणाले, "ती सोमवार-शनिवारची जागा फर्मास. सुचली कुठून?" हेडक्लार्क लाजून म्हणाले, "सुचली."

बायको बाहेर बसस्टॉपवर उभी होती. अजून ऊन होतं. हेडक्लार्क पारितोषिकाची ढाल दोन्ही हातांत धरून तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि वाट बघू लागले. तिने बोलावं म्हणून त्यांनी ढाल या हातातून त्या हातात घेतली. शेवटी न राहवून विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "दोघांचंही खरं वाटतं."

"तेच तर अवघड असतं."

"असेल." ती त्यांच्याकडे वळली. "टेम्पोवाला सोमवारीच तयार होता?"

"ते नाटकातलं आहे."

"मी रविवारीच तुम्हाला सांगितलं होतं, ताईकडे जाणार म्हणून. आपण बाल्कनीत होतो."

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं, हे हेडक्लार्कांच्या ध्यानात आलं.

"अगं, ते लिहिताना कळलं मला," ते घाईघाईने म्हणाले. "त्या वेळी एवढा विचार कोण करतं? दुसऱ्या बाजूने लिहायला बसलो, तेव्हा कुठे लक्षात आलं."

"वाक्यं लिहिताना सुचली असतील. पण शनिवार तेव्हाच ठरवला होतात ना? मला त्रास होईल हे तेव्हाच ठाऊक होतं."

ती चिडलेली नव्हती. ती चिडली असती तर हेडक्लार्कांनी ढाल रस्त्यावर टाकून दिली असती, इतके दिवस ते त्याचीच वाट बघत होते.

"ताई गेले सात महिने मला म्हणतेय, त्याने मुद्दाम केलं," ती म्हणाली. "दर रविवारी फोनवर तेच. आणि मी दर रविवारी तिच्याशी भांडते. म्हणते, नाही गं ताई, त्यांना कळत नाही एवढंच. मनात काही नसतं त्यांच्या. टेबल म्हणजे त्यांना नुसतं लाकूड दिसतं, त्यात त्यांचा दोष नाही. टेम्पो त्या दिवशी मिळाला, त्या दिवशी दिलं. मी घरी असते तर माझ्यासमोरही दिलं असतं, इतके ते भोळे आहेत. अशी बाजू मांडत होते मी तुमची. ताईला पटत नव्हतं, पण मला पटलेलं होतं."

हेडक्लार्कांना ते लोटलेलं दार आठवलं.

"मग घरात अशी का वागत होतीस?" ते म्हणाले. वकीलकाकांनी जो प्रश्न कधीच विचारू नका म्हणून बजावलं होतं तो त्यांच्या तोंडून निघून गेला.

"मला वाईट वाटलं होतं. त्याला वेळ लागतो. ज्याला कळतच नाही त्याच्यावर राग धरून काय करायचं, असं मी मला समजावत होते. होत आलं होतं बरं. आता तुम्हाला सगळंच कळतं म्हटल्यावर ताईला काय सांगू?"

घराकडे जाणारी बस आली. कंडक्टरने दारातून विचारलं, येताय का. बायको जागची हलली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी पलीकडून ताईची बस घेते. तिला फोनवर सांगण्यापेक्षा समोर सांगितलेलं बरं. इतके दिवस मी तिला उगीच खोटं पाडलं."

"परत कधी येशील?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

कंडक्टरने घंटी दिली तसे हेडक्लार्क चढले. बसमध्ये गर्दी नव्हती, खिडकीजवळ जागा मिळाली. मागच्या बाकावर नाटक बघून आलेलं एक जोडपं बसलं होतं. नवरा म्हणत होता की काही झालं तरी त्या माणसाचा हेतू चांगला होता, आणि बायको म्हणत होती की अजिबात नव्हता. थोड्या वेळाने नवऱ्याने पुढे वाकून हेडक्लार्कांना ओळखलं आणि आदराने विचारलं, "लेखक ना तुम्ही? मग तुम्हीच सांगा, त्याला माहीत होतं की नव्हतं?"

"होतं," हेडक्लार्क म्हणाले आणि तिकिटासाठी खिशात हात घातला.